तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीचे मेसेज

"रात्री आणि सुट्टीच्या दिवशी साहेबांचे मेसेज येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? कामचुकार ठरवलं तर?"

मी नाही म्हणालेच नाही. उत्तर कधी मिळेल, एवढंच सांगितलं.

सांगायच्या आधी मात्र तीन आठवडे नुसती मोजणी केली. वहीत तारीख, वेळ आणि मेसेज कशाबद्दल होता, बस. संध्याकाळी सातनंतरचे आणि सुट्टीतले मिळून 41 निघाले. त्यातले 26 "ते झालं का?", "कुठवर आलं?" या जातीचे. 12 दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या आठवणी. सकाळपर्यंत थांबलंच नसतं असे फक्त तीन. तोवर मी मैत्रिणींना सांगत होते की आमच्या मॅडमना रात्र-दिवस कळतच नाही. वहीतलं चित्र वेगळं होतं. त्या 26 मेसेजना मीच कारण होते, कारण काम कुठवर आलंय हे मी विचारल्याशिवाय सांगतच नव्हते.

मग मॅडमकडे 15 मिनिटं मागितली, तीही मंगळवारी दुपारी. आदल्या रात्रीच्या मेसेजवरून डोकं तापलेलं असताना हा विषय काढला की तक्रारच होते. पहिला प्रश्न विचारला, "रात्री मेसेज टाकता तेव्हा उत्तर कधीपर्यंत हवं असतं?" त्या म्हणाल्या, "अगं, सकाळी चालेल की! डोक्यातून जाऊ नये म्हणून टाकून ठेवते." दोन वर्षं मी जेवणाचं ताट बाजूला सारून जी उत्तरं देत होते, त्यांची वाट कुणी पाहतच नव्हतं. पण पुढे त्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी खरंच अडलं तर?" सगळी गोम या प्रश्नात आहे. आपण आराम करतोय याची वरिष्ठांना फारशी चिंता नसते. गरजेला माणूस सापडेल की नाही, ही असते. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नसेल, तर बाकीचं बोलणं वाया.

माझं तयार होतं. त्याच दुपारी लिहूनही पाठवलं: "मॅडम, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे. सातपर्यंत आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर देईन. सातनंतरच्या मेसेजला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, सुट्टीतल्या मेसेजला कामाच्या पहिल्या दिवशी दहाच्या आत. ग्राहकाचं काम बंद पडलं किंवा सकाळी दहाच्या आधीची मुदत हुकणार असेल, तर मेसेज न करता फोन करा. तुमचा फोन रात्रीही वाजेल." मोबाइलवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं आणि मॅडमचा नंबर त्यातून वगळला. शिवाय रोज साडेसहाला तीन ओळी पाठवू लागले: काय झालं, काय राहिलं, कुठे अडलंय. शुक्रवारी त्यात सोमवारी सकाळी काय हाती येईल तेही. "झालं का?" विचारणारे मेसेज या तीन ओळींनीच आटले.

घोटाळा मी केला. दुसऱ्याच आठवड्यात रात्री 11:40 ला त्यांचा मेसेज दिसला, फाइल उघडीच होती, म्हणून "झालंय मॅडम" लिहून मोकळी झाले. लगेच दुसरा प्रश्न, मग तिसरा, साडेबारापर्यंत. चूक त्यांची नव्हती, दुकान मीच उघडलं होतं. आता रात्री सुचलेलं उत्तर लिहून ठेवते आणि सकाळी साडेनऊला जाईल असं शेड्यूल करते.

याच्या उलटही झालं. एकदा सकाळचं उत्तर साडेअकराला गेलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री नऊला फोन आला, तोही साध्या चौकशीचा. दहाची वेळ मी पाळली नाही तर त्यांनी तरी सात का पाळावेत? तेव्हापासून पूर्ण उत्तर तयार नसलं, तरी "पाहिलं, तीनपर्यंत देते" एवढं दहाच्या आत जातंच.

ही रीत सगळीकडे चालणार नाही. ज्यांची रात्रपाळी ठरलेली असते किंवा अडीअडचणीला हजर राहायची पाळी असते, त्यांचा प्रश्न पाळीच्या वाटणीचा आहे. आणि फोनची वाट दाखवल्यावर वरिष्ठ ऊठसूट फोनच करू लागले, तर पुन्हा वही काढा. महिन्यातले फोन कारणांसकट लिहा आणि प्रत्येकापुढे, सकाळपर्यंत थांबता आलं असतं का, हे दोघांनी बसून ठरवा. एकट्याने खुणा करून नेलेली वही आरोपपत्रासारखी दिसते.

गेल्या महिन्यात शनिवारी दुपारी मॅडमचा फोन आला. ग्राहकाला चुकीच्या रकमेचं बिल गेलं होतं. 20 मिनिटांत दुरुस्त करून दिलं. संध्याकाळी त्यांचा आणखी एक मेसेज आला, दुसऱ्याच कामाचा. सुरुवातीलाच लिहिलं होतं, "सोमवारी बघ."