सा ते प

आठवीत, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी मी प्रार्थना सांगायला पुढे उभा राहिलो आणि तार सा वर माझा आवाज फुटला. आधी चिरकला, मग घोगरा होऊन खाली आपटला. पाचवीपासून प्रार्थना मीच सांगत होतो, त्यामुळे अख्खं मैदान मनसोक्त हसलं. घरी आजी म्हणाली, "कंठ फुटला पोराचा," आणि तिच्यापुरता विषय संपला.

समूहगीत स्पर्धा मात्र तोंडावर आली होती. मी बाहेर ज्यांच्याकडे गाणं शिकायचो त्या गुरुजींनी सांगून टाकलं, आवाज स्थिर होईपर्यंत गाऊच नकोस, नुसते ओठ हलव. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी मधल्या सुट्टीत मला पेटीपाशी बोलावलं.

समूहगीताची पट्टी काळी चार होती, मुलींना सोयीची. बाईंनी प धरला आणि म्हणाल्या, "इथून 'ऊ' म्हणत हलकेच खाली घसरत ये. जोर लावायचा नाही." मग सा पासून एकेक सूर वर. मी हनुवटी उचलली की त्या पेटी थांबवायच्या. "हनुवटी वर गेली की तू गळा ओढतोयस, तो सूर आपला नाही." निकाल असा लागला: ओढूनताणून खालच्या सप्तकातला मंद्र ध ते मधल्या सप्तकातला मध्य ध, आणि विनासायास फक्त सा ते प. पाचच सूर! वरचा सा गेला होता आणि खालचा अजून आला नव्हता.

बाईंनी कोपऱ्यातला तंबोरा दाखवून समजावलं. खर्जाची तार जाड, म्हणून तिचा सूर खाली. या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, शेवटी आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. पण हे एका रात्रीत होत नाही. "तुझ्या तारा बदलायचं काम चालू आहे आणि तुला त्याच तंबोऱ्यावर गायचंय," असं त्या म्हणाल्या होत्या.

माझ्या बाकावरच्या मित्राला सगळे बेसूर म्हणायचे. बाईंनी त्याला त्याच्या सोयीच्या सुरात, तोंड मिटून गुणगुणायला लावलं. सूर चोख लागला. कान शाबूत होता, गळा ऐकत नव्हता.

आमचं गीत भूपाच्या अंगाचं होतं. ध्रुवपद सा ते प मध्येच फिरायचं, तिथे अडचण नव्हती. अंतरा मात्र प ध सां असा चढून तार ग पर्यंत जायचा. मुलांनी सरळ एक सप्तक खाली गावं, असं कुणीतरी सुचवलं. बाईंनी आम्हाला तसं गाऊन पाहायला लावलं. अंतऱ्याचा प खाली घेताना मंद्र प लागेना, गटातले आम्ही पाचही मुलगे नुसते गुरगुरलो. तेव्हा त्यांनी अंतराच आमच्यासाठी वेगळा बांधला. मुली प ध सां चढताना आम्ही प वरच उभं राहायचं. त्या तार सा वर पोचल्या की आम्ही मध्य सा घ्यायचा आणि त्यांचीच चाल, सा रे ग, एक सप्तक खाली म्हणायची. मुलींच्या ध ला आमचा प क्षणभर टोचायचा, पण तो सूर पटकन निघून जायचा आणि पुढे सां-प जुळले की खोली भरून यायची. मला तर आमचाच भाग जास्त आवडायला लागला. (मुलींचं मत वेगळं होतं, अजूनही आहे.)

एकदा बसवलं की संपलं, असं मात्र नव्हतं. बाईंच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आम्हा पाच जणांची नावं होती आणि पुढे खालचा सूर, वरचा सूर. दर पंधरा दिवसांनी पुन्हा पेटीपाशी. स्पर्धेच्या आठवडाभर आधी एकाचा प सुद्धा गेला, तेव्हा त्याला त्या जागी नुसता सा धरायला दिला. कबड्डीच्या मैदानावर ओरडून कुणाचा घसा बसला असेल तर त्या दिवशी त्याला गायला बंदी. तो बसलेला घसा आणि हा फुटलेला आवाज, यांत बाई गल्लत करत नसत. आवाज बसून तीन आठवडे झाले किंवा गिळताना दुखलं तर घशाच्या डॉक्टरांकडे जा, असं बजावून ठेवलं होतं.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. परीक्षकांना म्हणे मुलींचं पाठांतर कच्चं वाटलं. प्रार्थना मी पुन्हा सांगितली ती थेट दहावीत, काळी एकमध्ये.

दोन वर्षांपूर्वी बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी ती वही काढली. माझ्या नावापुढे नोव्हेंबरात 'सा ते प' लिहिलेलं होतं, फेब्रुवारीत 'ग पर्यंतच, वरचं टाळणे', आणि जूनमध्ये शाईच्या पेनाने, अधोरेखित: 'खालचा सा मिळाला.'