रशियनमधले ‘व’ आणि ‘ना’: मला वाट सापडली ती मराठीतून

‘व’ म्हणजे आत, ‘ना’ म्हणजे वर. रशियन शिकताना हा नियम सुरुवातीलाच मिळतो आणि वस्तूंपुरता तो चोख चालतो. पुस्तक टेबलावर असेल तर ‘ना’, पिशवीत असेल तर ‘व’. माझं अडायला लागलं ते ठिकाणांपाशी. आमचं पाठ्यपुस्तक इंग्रजी माध्यमाचं, त्यामुळे प्रत्येक वाक्य मी मनात इंग्रजीतून फिरवून आणायचो. तिथे ‘अ‍ॅट’ नावाचा एक शब्द सगळीकडे बसतो. शाळा, स्टेशन, विमानतळ, मैफल, डॉक्टरांचा दवाखाना, सगळ्यांना तोच. रशियनमध्ये मात्र शाळेला ‘व श्कोल्ये’, स्टेशनला ‘ना वकझाल्ये’, विमानतळाला परत ‘व आएरापर्तू’, मैफलीला ‘ना कन्त्सेर्त्ये’ आणि डॉक्टरांकडे ‘उ व्राचा’. जेवायला टेबलाशी बसलात तर ‘झा स्तलोम’. एका ‘अ‍ॅट’चे चार तुकडे, आणि कुठला कुठे जाणार हे इंग्रजीवरून कळायची सोय नाही.

काही दिवस मी याद्या पाठ केल्या. पोस्ट, कारखाना, स्टेडियम, स्वयंपाकघर, रस्ता हे ‘ना’; बँक, दुकान, हॉस्पिटल, ऑफिस हे ‘व’. याद्या पाठ होतात, पण बोलायच्या वेळी आठवत नाहीत.

गाठ सुटली ती परतीच्या वाक्यांवर. बाईंनी ‘कुठून आलास?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सांगितलं की जिथे ‘व’ने जाता तिथून ‘इझ’ने परत येता, जिथे ‘ना’ने जाता तिथून ‘स’ने. म्हणजे ‘व श्कोल्ये’ असलेला मुलगा येतो ‘इझ श्कोली’, आणि ‘ना राबोत्ये’ असलेला माणूस ‘स राबोती’. वहीत उतरवून घेताना मी बाजूला मराठी लिहिलं: शाळेत, शाळेतून, कामावर, कामावरून. जोड्या जशाच्या तशा! आणि तिसरीही होती. ‘उ व्राचा’ म्हणजे डॉक्टरकडे, परतताना ‘अत व्राचा’, डॉक्टरकडून. आपले त–तून, वर–वरून, कडे–कडून आणि त्यांचे व–इझ, ना–स, उ–अत. इंग्रजीत येताना बहुतेक ‘फ्रॉम’ एकटाच, त्यामुळे तिथे ही जोडी दिसतच नाही.

‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत जातो’ या दोन्हींत आपला ‘त’ हलत नाही. रशियनचंही तसंच: ‘व श्कोल्ये’ आणि ‘व श्कोलू’, शब्दाचं शेपूट तेवढं बदलतं. डॉक्टरकडे जाताना मात्र ‘उ’ बदलून ‘क’ होतो. तेवढं वेगळं लक्षात ठेवायचं.

मग मी एक दिवसाचं वर्णन लिहून काढलं. सकाळी इन्स्टिट्यूटमध्ये, तिथे लेक्चरला, दुपारी संग्रहालयात, तिथल्या प्रदर्शनाला, रात्री थिएटरात, बॅलेला. इमारती सगळ्या ‘व’: व इन्स्तितूत्ये, व मुझ्येये, व तिआत्रे. त्यांच्या आत जे चाललंय ते सगळं ‘ना’: ना ल्येक्त्सी, ना वीस्ताफ्क्ये, ना बाल्येत्ये. एकाच खुर्चीवर बसलेला माणूस ‘व तिआत्रे’ही असतो आणि ‘ना बाल्येत्ये’ही. मराठीत आपण थिएटरात असतो, पण बॅलेला जातो; तो ‘ला’ लागला की मी ‘ना’ लावतो. लग्न, मैफल, तास, सभा, वाढदिवस, सगळ्यांना चालतं. परतताना इमारतीतून ‘इझ तिआत्रा’, कार्यक्रमाहून ‘स बाल्येता’.

मराठी सगळीकडे साथ देते असं नाही. आपण पोस्टात असतो, रशियन माणूस ‘ना पोच्त्ये’. आपण स्वयंपाकघरात असतो, तो ‘ना कूख्न्ये’. उलट आपण विमानतळावर, तो ‘व’ने आत. सुट्टीचं तर आणखीच मजेशीर: शाळेची सुट्टी ‘ना कनीकूलाख’, नोकरीतली रजा ‘व ओत्पुस्क्ये’. इथे तर्क शोधण्यात अर्थ नाही. असे अडेलतट्टू शब्द मी वहीत वेगळे ठेवले, आणि प्रत्येकापुढे नुसतं ‘ना’ न लिहिता जाण्याचं आणि परतीचं रूपही लिहिलं: ना पोच्तू, स पोच्ती. ऐकताना याचा फायदा होतो. कुणी ‘स पोच्ती’ म्हणालं की पोस्टाला ‘ना’ लागतो हे तिथेच कळतं.

भूगोलाचा भाग आमच्याकडे लवकर उरकला. देश आणि शहरं ‘व’, पण क्युबा, माल्टा, सायप्रस ही बेटं ‘ना’. उरल आणि कॉकेशस ‘ना’, सैबेरिया आणि क्रिमिया ‘व’. युक्रेनचा मुद्दा व्याकरणाच्या पलीकडचा आहे. रशियात पूर्वापार ‘ना’ म्हणतात. युक्रेन मात्र स्वतंत्र झाल्यापासून इतर देशांसारखा ‘व’ मागतो, कारण ‘ना’ने तो देशापेक्षा एखादा प्रदेश वाटतो. कुणी कुठला वापरतो त्यावरून त्याची बाजूही ओळखली जाते, तेव्हा तिथे शब्द विचारपूर्वकच निवडावा लागतो.