मायनसमधले हातमोजे: माझा अनुभव

उत्तराखंडमधला केदारकंठाचा बर्फातला ट्रेक दोनदा करून झाला, दुसऱ्यांदा तर मजेत झाला, तरी त्या दुकानातलं "वॉटरप्रूफ आहे मॅडम, मायनस वीसला आरामात चालतो" आठवलं की अजून डोकं फिरतं. यंदा हिवाळ्यात आमच्या ग्रुपमधले बरेच जण पहिल्यांदा बर्फात निघालेत आणि सगळे मला हातमोज्यांचंच विचारतायत, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

पहिल्या वेळी मी पुण्यात एका दुकानातून जाडजूड पाच बोटांचे ग्लोव्हज घेतले. हातात घातल्यावर छान घट्ट बसले, तेव्हा वाटलं फिटिंग मस्त आहे. आत घालायला घरातले पातळ सुती हातमोजे घेतले. डेहराडून, तिथून सांक्री गाव, मग जुडा का तालाबचा कॅम्प, सगळं व्यवस्थित पार पडलं. जुडा का तालाबवरून बेस कॅम्पला चढताना ऊन होतं, अंगातून वाफा निघत होत्या, पण बर्फ दिसतोय म्हणून मी ते जाड ग्लोव्हज दिवसभर घालूनच चालले. चूक झाली ती तिथेच, आणि ती कळली दुसऱ्या दिवशी पहाटे.

समिटसाठी रात्री अडीचला उठवलं. लीडरच्या थर्मामीटरवर मायनस 12. ग्लोव्हज मी टेंटमध्ये सॅकवर ठेवले होते, ते हातात घेतले तर पापडासारखे कडक. बाहेरून कोरडे दिसत होते हो, पण आतला सगळा घाम गोठला होता. हात आत घातला तसा तो बर्फ वितळायला लागला आणि दहा मिनिटांत आतून ओलं गार. सुती मोज्यांनी तर ते पाणी असं धरून ठेवलं की पिळले असते तर थेंब पडले असते, म्हणून ते काढूनच टाकले.

मग बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर मायक्रोस्पाइक्स घालायची वेळ आली. बुटाच्या टोकावर रबर अडकवायचं आणि मग मागून ओढून टाचेवर चढवायचं, हे जाड ग्लोव्हज घालून जमेना, म्हणून उजवा हात बाहेर काढला. ओल्या बोटांना आतलं अस्तर चिकटलेलं, ते बोटांबरोबर उलटं होऊन बाहेर आलं. स्पाइक्स कसेबसे चढवले, साखळीच्या गार लोखंडाला उघडी बोटं लागत होती, आणि परत हात घालायला गेले तर बोटं आत जाईनात, कारण अस्तराची बोटं आत गोळा होऊन बसली होती. हेडटॉर्चच्या उजेडात एकेक बोट खुपसून बघतेय, मागची माणसं पुढे निघून चाललीत, आणि हात आधी दुखत होता तो दुखायचा थांबला. बरं वाटलं म्हणून नाही, बधिर झाला म्हणून. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची टोकं मेणासारखी पांढरी दिसायला लागली, दाबलं तरी काही कळेना.

आमचे गाईड भैया मागून आले. "दीदी, हाथ दिखाओ." बघितलं आणि सरळ माझ्या जॅकेटची चेन उघडून म्हणाले, दोन्ही हात काखेत घाला. चोळू दिलं नाही, फुंकरही मारू दिली नाही, कारण फुंकरीची वाफ पुन्हा ओल करते. पंधरा मिनिटांनी मुंग्या आल्या आणि मग अशा कळा आल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पण रंग परत आला. भैयांनी त्यांच्या सॅकमधली लोकरीच्या विणलेल्या मिटन्सची, म्हणजे चारही बोटं एकत्र जाणाऱ्या मोज्यांची, जास्तीची जोडी आणि वर एक ढगळ कापडी कव्हर दिलं. तेवढ्यावर मी समिट केला. माझ्या महागड्या ग्लोव्हजनी नाही, भैयांच्या विणलेल्या मिटन्सनी.

परत आल्यावर मी हा विषय पुरता लावून धरला.

पहिलं म्हणजे मिटन. चारही बोटं एकाच पिशवीत असली की एकमेकांना ऊब देतात, ग्लोव्हजमध्ये प्रत्येक बोट एकटं पडतं आणि चारी बाजूंनी गार होतं. पण मिटनमध्ये चेन लावता येत नाही, बकल निघत नाही. म्हणून एकच जाड वस्तू घेण्यापेक्षा तीन थर घेतले: आत मेरिनो लोकरीचं पातळ लायनर, त्यावर फ्लीसचं मिटन, सगळ्यात वर वारा-बर्फ अडवणारं ढगळ शेल. बारीक काम आलं की वरचे दोन काढायचे, लायनर हातातच राहतं, उघडी कातडी लोखंडाला लागत नाही. आणि फ्लीस वेगळं निघतं त्यामुळे अस्तर उलटं होण्याची भानगडच नाही.

साइज लायनर घालूनच बघायची. मूठ वळल्यावर हाताच्या मागे ताण आला की एक साइज मोठी मागा. घट्ट मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि आतली हवा दाबली जाते, ऊब तर त्या हवेनेच धरलेली असते. ट्रेकिंग पोल कचकचून धरला तरी तेच होतं, बोटं मध्ये मध्ये सैल सोडायची.

वॉटरप्रूफचं मी घरीच तपासलं. मोज्याच्या बोटांत टिश्यू पेपर कोंबला, मनगटाचं तोंड पाण्याच्या वर धरून पाच मिनिटं बादलीत दाबून ठेवला. आधीच्या ग्लोव्हजमधला टिश्यू शिवणीपाशी भिजला, शेलमधला कोरडा निघाला. मग फ्रीजरमध्ये मिटन घालून दहा मिनिटं हात धरून बसले, आई बघत राहिली, पण तेवढ्यात मनगटापाशी फट राहते हे सापडलं. मनगटावर रक्तवाहिन्या अगदी वर असतात, तिथे गार लागलं की पुढची बोटं गारच. शेल बाहीच्या वर कोपराकडे येईल एवढं लांब हवं.

पण बाहेरून पाणी अडवलं तरी आतला घाम असतोच, आणि खरी गंमत तिथेच आहे. दुसऱ्या वेळी चढावर मी फक्त लायनर घातलं, हात गरम वाटायच्या आधीच फ्लीस काढून ठेवायचे, थांबलो की लगेच घालायचे, गार लागायची वाट बघायची नाही. लायनरच्या दोन जोड्या ठेवल्या, ओली झालेली जॅकेटच्या आत पोटाशी. रात्री सगळं स्लीपिंग बॅगमध्ये, गरम पाण्याच्या बाटलीशेजारी. शेकोटीवर धरू नका, सिंथेटिक वितळतं. ज्यांच्या हाताला फारच घाम येतो त्यांनी लायनरच्या आत डॉक्टरांचे नायट्राइल ग्लोव्हज घालून बघा, हात दमट राहतो पण बाहेरचे थर कोरडे राहतात, माझ्या भावाला ते फार उपयोगी पडलं. दिवसभर मात्र घालू नका, कातडी पांढरी सुरकुतते.

हॅन्डवॉर्मरची पाकिटं हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात, त्यामुळे आधी उघडून थोडी तापू द्या आणि मगच मिटनमध्ये हाताच्या मागच्या बाजूला ठेवा. उंचीवर ती जरा मंदच चालतात, त्यांच्या भरवशावर पातळ मोजे घेऊ नका.

दुसऱ्या वेळी पहाटे मायनस 14 होतं. स्पाइक्स लायनरवरच चढवले, मिटन परत घातलं, निघाले.

अजून एक राहिलंच, मिटनला मनगटाची दोरी लावून घ्या, समिटवर वाऱ्यात एका मुलाचं मिटन डोळ्यांदेखत उडून दरीत गेलं. आणि सांक्रीत भाड्याने घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हात थेट बोटांच्या टोकापर्यंत आत घालून बघा. आधीची बॅच सकाळीच उतरलेली असते, आत दमट लागलं तर दुसरी जोडी मागा.