तुम्ही विचारलंत म्हणून: बालरोगतज्ज्ञांचं पॅड

“छोट्या क्लिनिकचं लेटरहेड आणि प्रिस्क्रिप्शन पॅड करायचंय. शांत दिसेल, बघून विश्वास वाटेल असा फॉन्ट कुठला घेऊ?”

मुक्ता घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलाय, फुकट मिळतो, आणि त्यातली मराठी-इंग्रजी अक्षरं एकाच घरातली असल्यामुळे शेजारी बसली तरी भांडत नाहीत. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमचं पॅड केलं तेव्हा फॉन्ट ठरायला दहा मिनिटं लागली आणि बाकीच्याला तीन आठवडे. ते तीन आठवडे सांगतो.

त्यांचं जुनं पॅड ए-फाइव्ह, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. त्यातले वरचे ७० मिलिमीटर नुसत्या मथळ्याने खाल्लेले. नाव लाल, डिग्र्या निळ्या, डावीकडे लाल क्रॉस, उजवीकडे मॅडमचा फोटो, मधोमध पाण्यातल्यासारखं फिकट अस्वल. खाली कुठल्या कुठल्या तक्रारींवर उपचार होतात त्याची यादी. औषधं लिहायला उरली जेमतेम तळहाताएवढी जागा, तीही अस्वलाच्या पोटावर. मॅडमचं अक्षर चांगलं आहे, पण त्या जागेत कुणाचंही अक्षर चेंगरतं.

क्रॉस आणि फोटो काढायला मला वाद घालावा लागला नाही. लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, लेटरहेडवर स्वतःचा फोटो छापणं जाहिरातबाजी धरलेलं आहे. त्याच नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक मात्र प्रिस्क्रिप्शनवर हवाच. जुन्या पॅडवर तो होता, पण पत्त्याच्या ओळीच्या शेपटाला, मुंगीच्या पायाएवढा. मी तो नावाखाली, डिग्रीच्या शेजारी, डिग्रीच्याच मापात आणला. मेडिकलवाल्याची किंवा दुसऱ्या डॉक्टरची नजर तिथेच जाते.

आता ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द घ्या, कारण सगळं शिक्षण त्यात आहे. पहिलं म्हणजे ‘तज्ज्ञ’. ‘तज्ञ’ छापलेली पॅडं ठाण्यात ढिगाने सापडतील. दुसरं, त्यातला ‘ल’. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श आपोआप येतो, मराठी वळणाचा आत लपलेला असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्यावरच बाहेर येतो, तोही फॉन्टमध्ये असला तर. वाचणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण पॅड परगावचं वाटतं. तिसरं, ‘ज्ज्ञ’. एवढ्याशा जागेत तीन व्यंजनं. ठळक वजन, म्हणजे जाड अक्षर, लावलं की ऑफसेटवर शाई त्याच्या पोटात भरते आणि काळा ठिपका उरतो. म्हणून नाव मध्यम-ठळक १६ पॉइंटला, आणि हा शब्द साध्या वजनात, १० पॉइंटच्या खाली नाही.

चौथी चूक माझीच. शांत दिसावं म्हणून इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवतात, ते छान दिसतं. तेच मी मराठी ओळीला लावलं. पडद्यावर लक्षात आलं नाही, छापल्यावर डोक्यावरची रेघ जागोजागी तुटलेली, दात पडल्यासारखी. मराठीला मोकळं करायचं असेल तर दोन शब्दांत आणि दोन ओळींत जागा द्यावी, अक्षरांत नाही. ओळींत तर सढळ हाताने, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना शिवली की कागद कोंदट वाटतो. शेवटी मथळा बसला ३४ मिलिमीटरमध्ये.

वेळांची ओळ मी पानाच्या तळाला नेली. आकडे मराठी ठेवले होते. पहिल्या छपाईनंतर पंधरा दिवसांत मॅडमचा फोन: एक मल्याळी आजोबा नातवाला घेऊन शनिवारी रात्री आठला आले, क्लिनिक बंद. पॅडवर ‘शनिवारी १ पर्यंत’ होतं. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, तसा मराठी चार इंग्रजी आठसारखा. ठाण्यात वाचणारा कुठल्या लिपीतून येतो ते आपल्याला माहीत नसतं. आता वेळा आणि फोन इंग्रजी आकड्यांत, आणि वेळेच्या आधी ‘दुपारी’ हा शब्द पुरा लिहिलेला. ‘दु.’ नाही.

मधली जागा पूर्ण कोरी. वर एकच ओळ: नाव, वय, वजन, तारीख. मुलांचे डोस बहुतेक वजनावर ठरतात, म्हणून वजनाची जागा वेगळी आणि थोडी रुंद, पॉइंट टाकून ‘साडेअकरा’ मावेल इतकी. या ओळीची रेघ अखंड आणि बारीक काढली. ठिपक्यांची रेघ नको, तिच्यावर लिहिलेला दशांशाचा ठिपका हरवतो.

शाई एकच, गडद बाटली-हिरवी. मॅडम निळ्या पेनने लिहितात, त्यामुळे छापलेलं आणि लिहिलेलं लांबूनही वेगळं कळतं. पत्ता फिकट हिरव्यात घ्यायचा मोह झाला होता. पण एका शाईतला फिकटपणा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि ८ पॉइंटचं अक्षर त्या जाळीत कुरतडल्यासारखं होतं. फिकट हवं तर अक्षराचं वजन कमी करा, शाई पूर्ण ठेवा. कागद ८० जीएसएम मॅपलिथो. चकचकीत आर्ट पेपरवर बॉलपेन घसरतं.

तपासायची माझी पद्धत अशी. खऱ्या मापात साधी प्रिंट काढायची, मॅडमना त्यावर पाच औषधं लिहायला लावायची, ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि तो मोठा न करता वाचायचा. हल्ली चिठ्ठी मेडिकलमध्ये बहुधा अशीच पोचते. पहिल्या फोटोत पत्ता गायब झाला होता. अक्षराचं वजन एक पायरी वाढवलं, तेव्हा दिसला.

लेटरहेडला वेगळं काही केलं नाही. ए-फोर आहे म्हणून मथळा ताणून मोठा करू नका. तोच ३४ मिलिमीटरचा मथळा, तेवढाच, डाव्या समासाला धरून. शाळेला द्यायचा आजारपणाचा दाखला त्यावर जास्त गंभीर दिसतो.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार बनवून द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर ‘तज्ज्ञ’चे पाय मोडतात. कर्व्ह केलेली फाइल पुन्हा एकदा शब्द न् शब्द वाचा. आणि सुरुवातीला शंभर पानांची पाचच पॅडं काढा. प्रेसवाले म्हणतील हजारात स्वस्त पडतं. मॅडमनी दुसऱ्याच महिन्यात गुरुवार संध्याकाळ बंद केली.

अस्वल? ते मागच्या बाजूला गेलं, एकदम ठसठशीत. औषधं घेऊन झाल्यावर पोरं रंगवतात म्हणे.