श्रीवर्धनला उतरवलेली मराठी

मार्चमधली गोष्ट. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचे दिवस होते. एक फ्रेंच जोडपं माणगाव स्टेशनवर उतरलं आणि त्यांना घेऊन गाडी म्हसळ्यावरून श्रीवर्धनला आली. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडायची, वेसवीला उतरायचं आणि वेळासमध्ये एका घरी त्यांचा मुक्काम. त्यांना घरी पोचवून मला संध्याकाळी दुसऱ्या गटासाठी हरिहरेश्वरला परतायचं होतं. दोघांचं इंग्रजी बेताचं, घरच्या काकींचं फक्त मराठी. मी गेल्यावर मध्ये बोलणारा एकच उरणार होता, तो म्हणजे फोन.

श्रीवर्धनला चहाला थांबलो तेव्हा बाईंनी सांगितलं की त्यांना कवचवाल्या जलचरांची तीव्र ॲलर्जी आहे, आणि पिशवीतलं ॲड्रेनलिनचं पेन दाखवलं. त्यांना मी विचारलं, फोनमध्ये मराठी आहे का? हो म्हणाल्या. अशा 'हो'वर मी कधीच विसंबत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितला आणि गूगल ट्रान्सलेटमध्ये एक नवंकोरं वाक्य लिहायला लावलं. नवंकोरं अशासाठी, की आधी नेटवर असताना केलेली भाषांतरं ॲपच्या इतिहासात साठलेली असतात. तेच वाक्य पुन्हा टाकलं तर उत्तर जुन्या साठ्यातून येतं आणि नेटशिवाय चालणारा, उतरवून ठेवलेला भाषेचा पॅक चालतोय असा भास होतो.

उत्तर आलं नाही. वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या गोलावर बोट ठेवून `Downloaded languages` उघडलं तेव्हा कारण दिसलं. फ्रेंच उतरलेली होती, हिंदीही होती. भारतात जायचं म्हणून त्यांनी हिंदी घेतली होती आणि मराठीवर निघायच्या आदल्या रात्री बोट ठेवलं होतं. पण डाउनलोड फक्त वाय-फायवर करायचं, असं सेटिंग होतं. हॉटेलचं वाय-फाय मध्येच तुटलं आणि मराठी रांगेत अडकून राहिली. यादीत नाव दिसतं म्हणून माणूस निश्चिंत होतो. पाहायचं असतं नावापुढचं चिन्ह. खाली जाणारा बाण म्हणजे भाषा अजून उतरवायची आहे, फिरणारं वर्तुळ म्हणजे काम अर्ध्यात आहे. पूर्ण उतरलेल्या भाषेपुढे यातलं काहीच नसतं.

श्रीवर्धनला डेटा बरा मिळत होता, म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला. इथे एक मेख असते. दोन्ही फोन अँड्रॉइड असले की हॉटस्पॉटला कधी कधी मोजून वापरायचं नेटवर्क समजलं जातं, आणि 'फक्त वाय-फाय'वाली डाउनलोडं वाय-फाय जोडलेलं असूनही हलत नाहीत. तसंच झालं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन `Network usage` मध्ये `Treat as unmetered` निवडलं, तेव्हा मराठी खाली येऊ लागली. पॅक फार मोठा नसतो. 2018 मध्ये गूगलने हे न्यूरल ऑफलाइन पॅक आणले तेव्हा एका भाषेला 35 ते 45 एमबी लागतात असं सांगितलं होतं, आणि त्या पहिल्या फेरीतच मराठी होती. चहा संपेपर्यंत काम झालं.

नवऱ्याकडे आयफोन होता आणि त्याचा भरवसा ॲपलच्या स्वतःच्या ट्रान्सलेट ॲपवर. त्यात आयओएस 18 मध्ये हिंदी आली, मराठी आली नाही. म्हणून त्याच्याही फोनवर गूगल ट्रान्सलेट घेऊन फ्रेंच आणि मराठी दोन्ही उतरवल्या. एक फोन पाण्यात पडला किंवा बॅटरी संपली तर दुसरा हाताशी असावा.

दोन्ही भाषा का लागतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ऑफलाइन भाषांतर फ्रेंचमधून थेट मराठीत होत नाही. आधी फ्रेंचचं इंग्रजी होतं, मग इंग्रजीचं मराठी. इंग्रजी ॲपमध्ये आधीपासून असते. दोन टोकांच्या भाषा आपण आणायच्या. यातलं एक टोक नसेल तर सगळंच थांबतं. शिवाय दोन टप्पे म्हणजे चुकायला दोन जागा. पहिल्या टप्प्यात थोडा ढिला झालेला अर्थ दुसऱ्यात आणखी सुटतो. म्हणून वाक्य छोटं हवं, एका वाक्यात एकच गोष्ट हवी, आणि 'ते', 'तसं' असल्या शब्दांऐवजी वस्तूचं नाव हवं.

इथपर्यंत त्यांचं बोलणं काकींपर्यंत पोचायची सोय झाली. खरी अडचण उलट दिशेची असते, आणि तिची तयारी जवळजवळ कोणीच करून येत नाही. काकी उत्तर कशा देणार? माइक दाबून बोलायला सांगावं, तर भाषांतराच्या पॅकमध्ये बोलणं ओळखायची सोय नसते. ती वेगळी असते. फ्लाइट मोडमध्ये मराठी निवडून पाहिलं तर माइकचं बटण फिकट पडलेलं. म्हणजे काकींना लिहावं लागणार, आणि फ्रेंच फोनवर देवनागरी कळफलक कुठून असणार? जीबोर्डमध्ये `Languages`, मग `Add keyboard`, मग `Marathi`. हीसुद्धा नेट असतानाच करायची गोष्ट आहे, कारण त्या भाषेच्या फायली वेगळ्या उतरतात. देवनागरी अक्षरांची मांडणी आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी, अशा दोन्ही मांडण्या घेतल्या. गावातली तरुण मुलं दुसरीच वापरतात.

आवाजाचंही तसंच. मराठी वाक्य फोनने मोठ्याने वाचून दाखवावं असं वाटत असेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये `Text-to-speech output` शोधायचं, तिथल्या चक्रावर जाऊन `Install voice data` मधून मराठी आवाज उतरवायचा. तो नसेल तर स्पीकरचं बटण दाबूनही काहीच ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात चष्मा हाताशी नसलेल्या माणसापुढे हा आवाज फार उपयोगी पडतो.

वेळासला पोचलो तेव्हा फोनवर रेंजची एखादी काडी येत-जात होती. अशी अर्धवट रेंज अजिबात नसलेल्या रेंजपेक्षा जास्त त्रास देते. ॲपला वाटतं नेट आहे, ते उत्तर बाहेरून मागवायला जातं आणि चाक फिरत राहतं. अशा वेळी सरळ फ्लाइट मोड लावावा, म्हणजे ते उतरवलेल्या पॅककडे वळतं. बाईंनी तसं केलं आणि काकींपुढे फोन धरला. मी मुद्दाम मध्ये बोललो नाही. रात्री मी नसताना जे चालायला हवं, ते आत्ताच चालून दिसायला हवं होतं.

फोनवर वाक्य आलं: मला क्रस्टेशियनची ॲलर्जी आहे. काकींनी वाचलं, "बरं बरं" म्हणून मान डोलावली आणि कामाला लागल्या. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं, आणि दोष त्यांचा नव्हता. समोरचा गोंधळला नाही म्हणजे निरोप पोचला, असं समजणं इथे धोक्याचं आहे. मी बाईंना सांगितलं, गटाचं नाव लिहू नका, एकेक प्राणी लिहा. पण आमच्या किनाऱ्यावरची नावं पॅकला कुठून येणार? फ्रेंचमधून कोळंबी आणि खेकडा नीट येतात. जवळा, करदी, शेवंड, सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, यांच्यापर्यंत ते पोचत नाही. त्यांना तिसऱ्या आणि कालवंही वर्ज्य आहेत का, हेही विचारलं, कारण शिंपल्यांची ॲलर्जी ही वेगळी असू शकते. त्यांना शिंपले चालत होते, मासे चालत होते. मग मी मराठीत लिहून दिलं:

"मला कोळंबी, खेकडा, शेवंड, करदी, जवळा, सोडे चालत नाहीत. थोडंसं पोटात गेलं तरी घसा सुजतो आणि श्वास कोंडतो. मासे चालतात."

त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवला. ॲपमध्ये वाक्यापुढची चांदणी दाबूनही ते जपता येतं, पण गॅलरीतला फोटो कुठलंच ॲप न उघडता दिसतो.

काकींनी हे वाचलं आणि त्यांचा हात थांबला. चुलीवर वांग्याची भाजी होती. वरून पाहिलं तर निव्वळ शाकाहारी. त्यात सोडे होते. आमच्याकडे मूठभर सोड्यांशिवाय वांग्याला चव येत नाही, आणि शिजल्यावर ते फोडींत असे मिसळतात की पाहुण्याला ओळखूच येऊ नयेत. काकींनी पातेलं बाजूला केलं, दुसरं घेतलं आणि पुतण्याला हाक मारली. "अरे, त्यांना विचार, कोळंबी तळलेल्या तेलात बांगडा तळला तर चालेल का?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, बाईंनाही सुचला नसता. स्वयंपाक करणाऱ्यालाच तो सुचतो, आणि म्हणूनच उलटी वाट उघडी असावी लागते. पुतण्याने काकींच्या बोलीत जसंच्या तसं लिहिलं तेव्हा फ्रेंचमध्ये तेल तळायच्या गोष्टी आल्या. त्याला म्हटलं, पुस्तकातल्यासारखं लिही आणि दोन वाक्यं कर. "या तेलात कोळंबी तळली होती. याच तेलात मासा तळला तर चालेल का?" या वेळी बाईंना लगेच समजलं आणि त्या जोराने नाही म्हणाल्या. नवं तेल, वेगळा तवा, वेगळा कालथा.

जाण्याआधी पुतण्याला आणि त्या दोघांना एक सवय लावून दिली. महत्त्वाचं वाक्य असेल तर आलेलं भाषांतर उचलून उलट्या दिशेने पुन्हा मूळ भाषेत करून पाहायचं. अर्थ जागेवर असेल तर दाखवायचं, नसेल तर वाक्य मोडून पुन्हा लिहायचं. उलट तपासणीत बरं दिसलेलं वाक्यही कधी चुकीचं निघू शकतं, पण ढोबळ घोटाळे पकडले जातात. वेळा नेहमी आकड्यांत लिहायच्या. सकाळी पिल्लं सोडायला किती वाजता निघायचं, हे काकींनी 'साडेसहा' असं न लिहिता 6:30 लिहिलं तर त्यात चुकायला जागा उरत नाही.

निघताना बाईंचा फोन हातात घेऊन फ्लाइट मोड बंद केला. भाषांतरासाठी तो लावावा लागतो आणि मग तसाच राहून जातो. जिथे डेटा चालत नाही तिथेही साधा कॉल पुष्कळदा लागतो, आणि 108 ला फोन करायचा तर तो मोड आधी काढलेला असायला हवा. रेंजची ती काडी घराच्या कुठल्या कोपऱ्यात टिकते हे पुतण्याला ठाऊक होतं. त्याने विहिरीजवळची जागा दाखवली, तिथे उभं राहून आम्ही माझ्या नंबरवर एक कॉल लावून पाहिला. तो लागला, तेव्हा मी फेरीबोटीची वेळ गाठायला निघालो.