रजा मंजूर, पण…

जेवणानंतर डोळा लागायच्या बेतात असताना साहेबांचा मेल आला. पहिल्या ओळीत रजा मंजूर. पुढच्या चार ओळींत अटी: कामाचं लेखी हस्तांतर करावं, प्रलंबित बाबींची यादी द्यावी, आणि गरज पडल्यास फोनवर उपलब्ध राहावं. मंजुरीपेक्षा अटीच लांब.

आमचे अण्णा साताऱ्यात सरकारी कारकून. त्यांच्या छापील अर्जात ‘रजेच्या काळातील पत्ता’ असा एक रकाना असायचा. पोस्टमन भाताच्या खाचरापर्यंत यावा इतक्या तपशिलाने अण्णा तो भरत. शिवाय मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी मागायची. एकदा ऐन लावणीत शिपाई खरंच चिठ्ठी घेऊन बांधावर उभा राहिला. अण्णांनी पोटऱ्यांचा चिखल धुतला, त्याला आधी जेवू घातलं आणि संध्याकाळच्या एसटीने दोघं निघाले. आई धुसफुसत राहिली. अण्णा मात्र निवांत. सक्तीनं परत बोलावलं की निघाल्या दिवसापासून कामावर हजर धरत. उरलेली रजा खात्यात शाबूत आणि वर प्रवासभत्ता!

आता शिपाई येत नाही, ओटीपी येतो. अंगणात बसून तासभर फोनवर ऑफिस चालवलं, तरी तो दिवस रजेतूनच वजा.

ओटीपीचं दुखणं आमच्या खात्यातलं आहे. माल दुसऱ्या राज्यात जाणार आणि किंमत 50,000 च्या वर असली, की ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. आमचं पोर्टल उघडतं माझ्या लॉगिनने आणि ओटीपी येतो माझ्याच मोबाईलवर. मागच्या खेपेला बेळगावची गाडी भरून गेटवर उभी, ड्रायव्हर चहावर चहा पितोय, आणि हाताखालचा मुलगा मला फोन करतोय, “ताई, आला का?” हस्तांतराच्या कागदावर सगळं नीट लिहिलेलं होतं, पासवर्डसुद्धा, जो लिहू नये. पण मोबाईल माझ्यासोबत गावी!

म्हणून आज यादी करायच्या आधी पोर्टलवर त्या मुलाच्या नावाने सब-युजर काढून घेतला, त्याचाच मोबाईल नंबर घालून. बिल करायचा अधिकार दिला आणि माझ्यासमोर त्याला एकदा लॉगिन करायला लावलं. ओटीपी त्याच्या खिशात वाजला तेव्हा पोरगं असं काही लाजलं, जसं साखरपुडाच ठरलाय.

साहेबांना सांगितलं, “आता माझ्यावाचून गाडी अडायची नाही.”

त्यांचा चेहरा जरा पडला. “तरी फोन चालू ठेवा हो.”

ठेवते म्हटलं. फोन चालूच असतो. बामणोलीला लाँचमध्ये बसलं की रेंजच जाते, त्याला मी काय करणार?