काळी, पांढरी आणि मधला 'पण'

"'काळी यादी', 'काळा पैसा' हे शब्द वर्णभेदी आहेत, वापरू नका असं म्हणतात. बाई, तुम्ही मराठी शिकवता, तुम्हाला पटतं का हे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: अर्धं पटतं. पण कुठलं अर्धं, हे सांगायला शेतातून सुरुवात करावी लागेल.

आमच्या मराठवाड्यात 'काळी' म्हटलं की जमीन आणि 'पांढरी' म्हटलं की गाव. काळी कसायची, पांढरीवर राहायचं. काळीत कापूस पिकतो, ज्वारी पिकते, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून घराच्या सपाट मातीच्या छतावर, म्हणजे माळवदावर, ती चालत नाही, तिथे पांढरी मातीच लागते. आमचे आबा पाऊस सुरू व्हायच्या आधी टोपल्यांनी पांढरी माती वर चढवायचे आणि चोपून चोपून बसवायचे. जिचं जे काम, ते तिला द्यायचं. काळी वाईट आणि पांढरी चांगली, असा हिशेब त्यात कुठेच नव्हता. उलट काळी ही आई. विठोबाही सावळाच. आणि पांढरा रंग नेहमी शुभ असतो म्हणावं, तर 'पांढरं कपाळ' आणि 'पांढऱ्या पायाची' हे शब्द आपल्याच बायकांनी किती सोसलेत!

मग काळं वाईट ठरलं कुठून? मला त्याची तीन मुळं दिसतात: अंधार, डाग आणि कातडी.

अंधाराचं मूळ फार जुनं आहे. संस्कृतात 'काल' म्हणजे काळा रंगही आणि मृत्यूही. पतंजलीच्या योगसूत्रांत तर कर्मालाच शुक्ल आणि कृष्ण म्हटलंय. योग्याचं कर्म या दोन्हींपलीकडचं असतं, असं ते सूत्र सांगतं. म्हणजे ही जोडी इंग्रजांनी आणलेली नाही. डागाचं मूळ चुलीपाशी सापडतं. गुन्हेगाराच्या तोंडाला काजळी फासून धिंड काढायची रीत होती, त्यातून 'तोंड काळं करणं' आलं. आजही मोर्च्यात कुणाला तरी काळं फासतात. ते काळं वरचं असतं, धुतलं की जातं. अमेरिकेत शर्मन आणि क्लोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं, की अनीतीचे शब्द काळ्या अक्षरांत आणि नीतीचे पांढऱ्या अक्षरांत असले की माणसं त्यांचा रंग लवकर ओळखतात. त्यांनी याचा संबंध मळ आणि शुद्धतेशी लावला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

'काळा बाजार' आणि 'काळी यादी' हे मात्र इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेले. इंग्रजीत 'ब्लॅकलिस्ट' सतराव्या शतकापासून आहे, शिक्षेला पात्र ठरलेल्यांची यादी या अर्थानं. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, त्यानंतर हा वाद पेटला. त्याच वर्षी लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा लिहिणाऱ्यांनी नव्या कोडमध्ये `blacklist` ऐवजी `denylist` किंवा `blocklist` लिहायचं ठरवलं. विरोध करणारे म्हणाले, या शब्दाचा उगम कातडीशी जोडलेला नाही. बाजू घेणारे म्हणाले, उगम काहीही असो, काळ्या माणसाच्या कानावर रोज काय पडतं ते बघा.

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण ऐकणारा काही मुळं निवडत बसत नाही. पण मराठीत मी हे शब्द वेगळ्याच कारणासाठी बदलेन. 'काळा पैसा' म्हणजे नक्की काय? 'बेहिशेबी पैसा' म्हटलं की चोरी कुठे झाली ते लगेच कळतं. 'काळ्या बाजारा'साठी 'चोरबाजार' आणि 'साठेबाजी' आहेतच. काळ्या यादीतला ठेकेदार म्हणजे बंदी घातलेला ठेकेदार. मग तसंच लिहावं.

एवढं केलं तरी तिसरं मूळ तसंच राहतं. गेल्या वर्षी शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले होते. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत वळली, तोच एक मावशी कौतुकानं म्हणाल्या, "काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो." मुलगी दारातच क्षणभर थांबली. या वाक्यात ना अंधार होता, ना काजळी. 'काळी' हा शब्दसुद्धा खरं तर निरुपद्रवी होता, शेताला आपण तोच म्हणतो. लागला तो 'पण'. 'काळी' म्हटल्याबरोबर काहीतरी भरपाई द्यावी लागते, असं तो 'पण' सांगत होता. आणि या 'पण'ला पर्यायी शब्द कुठल्याच कोशात मिळायचा नाही.

म्हणून मुलांच्या निबंधात 'काळा पैसा' आला, तर मी समासात फक्त 'बेहिशेबी?' एवढं लिहिते. 'ती काळी होती पण हुशार होती' असं वाक्य आलं, तर 'पण'वर लाल गोल करते आणि मुलाला टेबलापाशी बोलावून तो शब्द काढून वाक्य मोठ्यानं वाचायला लावते.